माती अहवालातले आकडे बॅगांमध्ये कसे उतरवायचे: परभणीच्या तीन एकर सोयाबीनचा हिशेब

प्रश्न: सर, परभणी तालुक्यात माझी ३ एकर काळी कोरडवाहू जमीन आहे. खरिपात सोयाबीन घेतो. माती तपासून आणली. अहवालात सामू ८.२, क्षारता ०.३१, सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के, चुनखडी ९.५ टक्के. नत्र १६८, स्फुरद ११.६, पालाश ५४८ किलो प्रति हेक्टर. गंधक ८.२, जस्त ०.४६, लोह ३.९ पीपीएम. दुकानदार म्हणतो, एकरी दोन बॅगा १०:२६:२६ टाका, विषय संपला. पण पालाश ५४८ किलो असताना आणखी पालाश कशाला? नेमकं काय आणि किती टाकू?

उत्तर:

आधी तीन एकरांची यादी देतो, कारण दुकानात जाताना तीच लागणार आहे. डीएपी दोन बॅगा, दाणेदार सिंगल सुपर फॉस्फेट सहा बॅगा, युरिया ३९ किलो म्हणजे ४५ किलोच्या बॅगेतून थोडा उरेल इतका, आणि म्युरेट ऑफ पोटॅश ३० किलो. याशिवाय झिंक सल्फेट ३० किलो, पण ते या खतांत मिसळायचं नाही. शेणखत भरपूर पडणार असेल तर पोटॅश यंदा वगळलं तरी चालेल. आता ही यादी कशी निघाली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी अहवाल बदलला तरी हिशेब तुम्हाला स्वतः करता येईल.

सगळा घोळ होतो तो अहवालातला आकडा कसा वाचायचा इथे. पालाश ५४८ किलो आणि पिकाची शिफारस ३० किलो, म्हणजे अठरा वर्षांचा साठा पडून आहे, असा हिशेब अनेकजण करतात. मग हाच नियम नत्राला लावून बघा. नत्र १६८ आहे, शिफारस ३० ची आहे, म्हणजे नत्राचीही गरज नाही! स्फुरद ११.६ आहे आणि शिफारस ६० ची, म्हणजे ४८ किलो टाकलं की झालं! वजाबाकीचा हा मार्ग तिन्ही ठिकाणी चुकीच्या जागी नेतो. प्रयोगशाळेत मातीवर एक ठरावीक द्रावण टाकतात आणि त्यात जेवढं उतरलं तेवढं मोजतात. स्फुरदासाठी आपल्या विम्लधर्मी जमिनीत सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण वापरतात, पालाशासाठी अमोनियम ॲसिटेट, नत्रासाठी अल्कधर्मी परमँगनेट. पिकाची मुळं ही द्रावणं वापरत नाहीत. त्यामुळे येणारा आकडा जमिनीतल्या गोदामाची मोजदाद नसते. शेतांवर खतांचे प्रयोग करून, कोणत्या आकड्याच्या जमिनीत पीक खताला किती प्रतिसाद देतं हे पाहून त्या आकड्यांचे वर्ग पाडलेले असतात. तापमापीवर १०१ आलं म्हणजे अंगात ताप किती साठलाय ते कळत नाही, औषध द्यायचं की नाही एवढं कळतं. अहवालाचंही तसंच आहे. म्हणून वजाबाकी न करता आधी वर्ग पाहायचा आणि मग त्या वर्गाप्रमाणे पिकाची शिफारस कमी-जास्त करायची.

आपल्याकडे सहा वर्गांची पद्धत चालते: अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडे जास्त, जास्त, अत्यंत जास्त. नत्र १४० पर्यंत अत्यंत कमी, २८० पर्यंत कमी, ४२० पर्यंत मध्यम. स्फुरद ७ पर्यंत अत्यंत कमी, १४ पर्यंत कमी, २१ पर्यंत मध्यम. पालाश १५० पर्यंत कमी, २०० पर्यंत मध्यम, ३०० च्या वर अत्यंत जास्त. अत्यंत कमी असेल तर शिफारशीपेक्षा ५० टक्के जास्त द्यायचं, कमी असेल तर २५ टक्के जास्त, मध्यम असेल तर शिफारशीइतकंच, थोडं जास्त असेल तर १० टक्के कमी, जास्त असेल तर २५ टक्के कमी आणि अत्यंत जास्त असेल तर निम्मं. तुमचा अहवाल यात बसवला तर नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश अत्यंत जास्त. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींचं हे अगदी नेहमीचं चित्र आहे.

इथे एक गोष्ट अहवालावर तपासा. स्फुरदाच्या आकड्यासमोर एकक काय लिहिलंय? वर दिलेले वर्ग मूळ स्फुरदाचे आहेत. खताच्या बॅगेवरचा आणि शिफारशीतला स्फुरद मात्र ऑक्साइडच्या रूपातला असतो, आणि मूळ स्फुरदाला २.२९ ने गुणलं की तो मिळतो. काही अहवाल हा गुणाकार आधीच करून देतात. तसं असेल तर तुमचे ११.६ म्हणजे मूळ स्फुरद फक्त पाचच्या आसपास, आणि वर्ग 'कमी' वरून 'अत्यंत कमी' वर घसरतो. मग स्फुरद २५ टक्के नाही, ५० टक्के वाढवावा लागेल. प्रयोगशाळेला एक फोन केला की हे समजतं. मी पुढचा हिशेब मूळ स्फुरद धरून केला आहे. पालाशाचा असा गुणक १.२ आहे, पण ५४८ ला तो कसाही लावला तरी तुमचा वर्ग बदलत नाही.

आता पीक. मराठवाड्यात कोरडवाहू सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक ही शिफारस धरतात. वर्गवारी यंत्रासारखी लावली तर नत्र साडेसदतीस, स्फुरद ७५, पालाश १५ असे आकडे येतात. स्फुरद आणि पालाश मी तसेच घेतो. नत्र मात्र घेत नाही, तो ३० वरच ठेवतो. याचं कारण नीट समजून घ्या, कारण बहुतेक छापील सल्ल्यांत हीच जागा चुकते.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून पिकाला देतात, आणि पिकाची बहुतांश नत्राची भूक त्यांच्यावरच भागते. पेरणीचा नत्र फक्त पहिल्या तीन आठवड्यांसाठी लागतो, गाठी कामाला लागेपर्यंत. जमिनीत नत्र भरपूर दिसला की झाड गाठी बांधण्यात ताकद घालत नाही. वरचा नत्र दिलेलं सोयाबीन हिरवंगार, उंच आणि दाट दिसतं, शेजारी पाहून विचारतातही, पण फुलं उशिरा येतात, फांद्यांत हवा खेळत नाही आणि शेंगा पानांच्या मानाने कमी लागतात. म्हणून पेरणीनंतर युरियाचा हप्ता सोयाबीनला देऊ नका, अहवालात नत्र कितीही कमी असला तरी. शिवाय नत्राचा आकडा या सगळ्या आकड्यांत सर्वांत डळमळीत असतो. नत्र पाण्याबरोबर हलतो, उष्णतेने आणि ओलाव्याने बदलतो, आणि एप्रिलमध्ये घेतलेल्या नमुन्याचा आकडा जुलैच्या शेताबद्दल फार काही सांगत नाही. काही ठिकाणी तर तो वेगळा मोजतही नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाजाने लिहितात. याच जमिनीत कापूस असता तर गोष्ट वेगळी होती. कापसाच्या मुळांवर गाठी नसतात, तिथे २५ टक्के वाढ मी नक्की धरली असती आणि ती हप्त्यांनी दिली असती. एकच अहवाल, पण पीक बदललं की सल्ला बदलतो. म्हणून ज्या सल्ल्यावर पिकाचं नाव नाही तो सल्ला अर्धाच आहे.

बॅगांचा हिशेब आता सोपा आहे. हेक्टरचे किलो अडीचने भागले की एकराचे होतात. एकरी १२ किलो नत्र, ३० किलो स्फुरद, ६ किलो पालाश, ८ किलो गंधक. तीन एकरांना ३६, ९०, १८ आणि २४. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतो. दोन बॅगांतून १८ नत्र आणि ४६ स्फुरद मिळाला. उरला स्फुरद ४४ किलो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या बॅगेत १६ टक्क्यांप्रमाणे ८ किलो स्फुरद आणि ११ टक्क्यांप्रमाणे साडेपाच किलो गंधक असतो. साडेपाच बॅगा लागतात, सहा घ्या. त्यातून ४८ किलो स्फुरद आणि ३३ किलो गंधक येतो. गंधक लागत होता २४, म्हणजे तो वेगळा विकत घ्यायची गरजच उरली नाही. नत्राचे राहिलेले १८ किलो युरियातून द्यायचे. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणून ३९ किलो युरिया. पालाशाचे १८ किलो म्युरेट ऑफ पोटॅशमधून, त्यात ६० टक्के पालाश, म्हणून ३० किलो.

आता दुकानदाराच्या सल्ल्याशी ताडून बघा. एकरी दोन बॅगा १०:२६:२६ म्हणजे १०० किलो खत, त्यातून १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद, २६ किलो पालाश आणि गंधक शून्य. तुमच्या जमिनीला पालाश हवा सहा किलो, मिळणार सव्वीस. जो घटक सर्वांत मुबलक आहे त्यावर सर्वांत जास्त पैसा जाणार. स्फुरद चार किलोने कमी पडणार आणि गंधक, जो अहवालात स्पष्ट कमी आहे, तो मिळणारच नाही. हे खत वाईट नाही. पालाश कमी असलेल्या जमिनीत, ऊस किंवा केळीला ते उत्तम काम करतं. तुमच्या जमिनीला ते जुळत नाही, एवढंच.

गंधकाच्या आकड्यावर थोडं बोलतो. तो पीपीएममध्ये असतो आणि नत्र-स्फुरद-पालाश किलोत. दोन्ही एकमेकांशी ताडून घोटाळा होतो. पीपीएमला २.२४ ने गुणलं की वरच्या थरातले हेक्टरी किलो मिळतात, पण त्याची गरज नाही. मर्यादा सरळ पीपीएममध्येच लक्षात ठेवा: गंधक १०, जस्त ०.६, लोह ४.५. याच्या खाली गेलं की कमतरता. तुमचे तिन्ही खाली आहेत. गंधक सोयाबीनच्या तेलासाठी आणि प्रथिनांसाठी लागतो. आपल्याकडे डीएपीचा वापर वाढत गेला आणि सुपर फॉस्फेटचा कमी होत गेला, तसा गंधक अहवालांत खाली येत गेला, हे मला वर्षानुवर्षे अहवाल वाचताना दिसत आलं आहे. डीएपीमध्ये गंधक नसतो.

जस्ताला एकरी १० किलो झिंक सल्फेट. सात पाणी असलेलं, २१ टक्के जस्ताचं घ्या, बॅगेवर टक्केवारी पाहून. एकदा दिलं की दोन-तीन वर्षं पुन्हा नको. मात्र ते डीएपीत किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून तिफणीत भरू नका. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की न विरघळणारं संयुग तयार होतं आणि दोन्हींचा काही भाग वाया जातो. पेरणीआधी कुळवाच्या शेवटच्या पाळीला, चाळलेल्या शेणखतात मिसळून वेगळं पसरा. शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून दिलं तर आणखी चांगलं.

लोहाचं तसं करता येत नाही, आणि इथे चुनखडीचा आकडा महत्त्वाचा ठरतो. नांगरताना पांढरे खडे वर येत असतील, त्यावर लिंबू पिळला की फेस येत असेल, तर ९.५ टक्के हा आकडा खरा आहे. अशा जमिनीत फेरस सल्फेट मातीत टाकलं की ते लवकरच गंजल्यासारखं बदलतं आणि मुळांच्या उपयोगाचं राहत नाही. लोह जमिनीत नसतं असं नाही, ते अडकून पडलेलं असतं. त्यामुळे लोहासाठी आत्ता काही विकत घेऊ नका. जुलैमध्ये, विशेषतः लागोपाठ पाऊस झाल्यानंतर, सखल भागातलं सोयाबीन पिवळं पडलं तर वाकून पान बघा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं सगळी सारखी पिवळी होत असतील तर प्रश्न नत्राचा किंवा गाठींचा आहे. तेव्हा झाड उपटून मुळाची गाठ फोडून बघा. आत गुलाबी रंग असेल तर गाठ काम करते आहे. लोहाची कमतरता निघाली तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. त्याआधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा. पाणी निघालं आणि ऊन पडलं की बराचसा पिवळेपणा फवारणीशिवायही जातो.

सामू ८.२ आणि चुनखडी म्हटलं की जिप्समचा आग्रह करणारे भेटतील. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे मातीत सोडियम जास्त असतो, पाणी मुरत नाही, सामू साडेआठच्या वर असतो. तुमची क्षारता ०.३१ आहे आणि सामू त्या पातळीला पोचलेला नाही. तुमचा सामू चुनखडीमुळे आहे आणि तो जिप्समने उतरत नाही. आधीच चुन्याने भरलेल्या जमिनीत आणखी कॅल्शियम जाईल. गंधकासाठी म्हणाल तर तो सुपर फॉस्फेटमधून मिळतोच आहे.

चुनखडीचा दुसरा परिणाम स्फुरदावर होतो. पसरून दिलेला स्फुरद चुन्याला चिकटून बसतो आणि पिकाला त्यातला थोडाच मिळतो. म्हणून स्फुरद फेकून देऊ नका, पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली किंवा बाजूला, दोन-तीन बोटं अंतरावर ओळीत पडला पाहिजे. मोघडीला किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला खताचं वेगळं चाडं असेल तर हे आपोआप होतं. सुपर फॉस्फेट दाणेदारच घ्या, भुकटी नळ्यांत अडकते. युरिया सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून रात्रभर ठेवला तर ढीग ओला होतो आणि सकाळी तो तिफणीतून उतरत नाही. म्हणून पेरणीच्या दिवशी, लागेल तेवढंच मिसळा. बियाण्याला बुरशीनाशक आधी चोळा, ते सुकलं की शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दोन्ही १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम, आणि सावलीत सुकवून लगेच पेरा.

या यादीची एक अडचण मान्य करायला हवी. एकरी सगळं मिळून दीडशे किलोच्या पुढे खत जातं. तुमचं यंत्र एवढं सोडत नसेल तर वजन कमी करायचा दुसरा मार्ग आहे: डीएपी तीन बॅगा, सुपर फॉस्फेट तीन बॅगा, युरिया २० किलो, पोटॅश ३० किलो, आणि गंधकाची तूट भरायला ९० टक्क्यांचं दाणेदार बेंटोनाइट गंधक ९ किलो. स्फुरद ९३ आणि नत्र ३६ किलो बसतो, एकरी वजन १२० किलोच्या आसपास येतं. फक्त या गंधकाला पिकाच्या कामी येण्याआधी मातीतल्या जिवाणूंनी बदलावं लागतं, त्याला काही आठवडे लागतात. म्हणून मला पहिली यादी जास्त पसंत आहे.

आता तुमच्या पालाशाच्या प्रश्नाकडे सविस्तर येतो. आपल्या काळ्या मातीच्या चिकणमातीत पालाश धरून ठेवणारी खनिजं भरपूर आहेत, त्यामुळे अहवालात तो नेहमीच जास्त दिसतो. मग शून्यच का नाही? कारण पीक शेतातून पालाश घेऊन जातं. एक क्विंटल सोयाबीन दाण्याबरोबर साधारण दोन किलो पालाश बाहेर जातो. एकरी आठ क्विंटल झालं तर १६ किलो. त्यात भुसकटही जनावरांना घरी आणलं तर आणखी. आपण देतोय सहा. म्हणजे बाकी जमिनीच्या साठ्यातून जाणार आहे, आणि जमीन ते सध्या देऊ शकते. पावसाने ताण दिला की मुळांपर्यंत पालाश पोचणं मंदावतं, तेव्हा ओळीतल्या थोड्या पालाशाचा आधार होतो. या दोन कारणांसाठी निम्मा द्यायचा. पण एकरी दोन टन चांगलं कुजलेलं शेणखत पडणार असेल तर त्यातूनच दहाएक किलो पालाश येतो आणि शेणखतातला पालाश लवकर उपलब्ध होतो. तेव्हा पोटॅशचे ३० किलो यंदा घेऊ नका, पैसे वाचतील. तुमची शंका त्या अर्थाने बरोबरच होती, फक्त कारण ५४८ हे नाही. भुसकट सतत बाहेर जात असेल आणि शेणखत पडत नसेल तर तीन वर्षांनी पुन्हा तपासा.

हे सगळं त्या पिशवीतली माती खरोखर तुमच्या शेताची असेल तरच उपयोगाचं. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेसाठी कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एकच नमुना घेण्याची पद्धत राहिली आहे. माती तुम्ही स्वतः दिली होती, का पत्रिका आपोआप घरी आली, हे आठवून बघा. पत्रिका आली असेल तर तो आकडा शेजारच्या मुरमाड माळाचाही असू शकतो. आकड्यांवरूनही नमुन्याची गडबड ओळखता येते. काळ्या जमिनीत पालाश दीडशेच्या खाली आला, तर मी आधी नमुन्यावर शंका घेतो. जस्त एकदम चार-पाच पीपीएम आलं तर माती जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यात किंवा बादलीत कालवली असणार. क्षारता एकच्या वर आणि नत्र-स्फुरदही खूप चढलेले असतील तर बहुधा माती खताच्या रिकाम्या पोत्यावर वाळवली होती. स्फुरद पन्नास-साठ आला तर नमुना उकिरड्याजवळून किंवा मागच्या पिकाच्या खताच्या ओळीतून आला असेल. तुमच्या अहवालात असं काही दिसत नाही. सामू, चुनखडी, कमी स्फुरद आणि जास्त पालाश हे सगळे आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवून लिहिलं.

पुढचा नमुना काढताना उन्हाळ्यात, खत टाकून तीन महिने उलटल्यावर काढा. बांध, झाडाखालची जागा, पाणी साचणारा खोलगट भाग सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, एक वीत म्हणजे साधारण २० सेंटिमीटर खोल. खड्ड्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खुरप्याने काढा, प्लास्टिकच्या टबात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवा. तुमच्या तीन एकरांत एक भाग खोल काळा आणि एक भाग खडे दिसणारा असेल तर दोन नमुने द्या. एकत्र केलं तर आलेला आकडा दोन्हींपैकी कोणत्याच भागाचा नसतो.

आणखी एक करा. पेरणीच्या वेळी शेताच्या मधल्या भागात सहा ओळी पोटॅशशिवाय पेरा आणि त्यांच्या शेजारच्या सहा ओळी पूर्ण यादीच्या. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. काढणीला त्यांचे ढीग वेगळे ठेवून वेगळे मळा आणि दाणे तोलून वही मध्ये लिहा. फरक दिसला नाही तर पुढच्या सोयाबीनला पोटॅश सोडायला तुमच्याच शेताचा आधार असेल, आणि फरक दिसला तर अहवाल आणि ते वजन दोन्ही घेऊन या, आपण निम्म्याऐवजी पाऊण पालाशाचा हिशेब करू.